मोठं अक्षर, हलकं पुस्तक

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला "वाचन" या विषयावर बोला असं सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, वाचनावर बोलायला माझ्यापेक्षा जास्त वाचलेली माणसं या सोसायटीत आहेत. मी चौतीस वर्षं छापखान्यात काढली. पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा ते किती फॉर्मांत बसतंय हे पाहण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा मी पुस्तकाच्या अक्षरावर आणि वजनावर बोलतो, म्हणजे माझ्या आईवर बोलतो. बी विंगमधल्या आमच्या घरी ती पहिल्या दिवसापासून आहे, तुम्ही सगळे तिला ओळखता. आज ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. आई रोज सकाळी चहानंतर पेपर घेऊन गॅलरीत बसते. एक-दीड वर्षापूर्वीही बसायची, पानं उलटायची. मी समोरून ये-जा करत होतो आणि मला वाटत होतं, आई वाचतेय. एके दिवशी रद्दी बांधताना माझ्या बायकोच्या लक्षात आलं की महिनाभराच्या पेपरांतली शब्दकोडी कोरी आहेत. पूर्वी आई शब्दकोडं सोडवल्याशिवाय पेपर कोणाच्या हाती लागू देत नसे. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा येतो आता." मग आम्ही बारकाईने पाहायला लागलो. दिवाळी अंकातली खूण पौष संपला तरी त्याच पानावर होती. औषधाच्या पाकिटावरचं नाव ती नातवाला वाचायला सांगत होती, आणि वर "तुझं वाचन सुधारतं" असं त्यालाच पटवत होती. आईला दिसत नव्हतं, आणि ते आम्हाला कळू नये म्हणून ती पानं उलटत होती. आयुष्यभर अक्षरं छापणाऱ्या माणसाला आपल्या आईला अक्षर दिसत नाही हे कळायला रद्दी बांधावी लागली.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुस्तकं बदलण्याच्या आधी डोळ्याला नेमकं काय झालंय ते कळलं पाहिजे. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनने पुष्कळ फरक पडतो, तिथे मोठ्या अक्षराची पुस्तकं शोधत बसण्यात अर्थ नाही. आईचे दोन्ही मोतीबिंदू आधीच काढलेले होते. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधल्या भागाची, म्हणजे मॅक्युलाची वयामुळे झीज झाली आहे, आणि ती कोरड्या प्रकारची आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर आजूबाजूचं दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच पुसट होतं. म्हणून तिला जिना उतरता येत होता, दारात कोण आलंय ते कपड्यांच्या रंगावरून कळत होतं, पण शब्दावर नजर लावली की शब्द नाहीसा व्हायचा. चष्म्याचा नंबर वाढवून हे भरून येत नाही. अक्षर मोठं करा आणि उजेड वाढवा, असं त्यांनी सांगितलं.

त्यांनी उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटींचा एक कागदही दिला. तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. आई रोज एकेक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून त्याकडे बघते. सरळ रेघ वाकडी किंवा तुटलेली दिसायला लागली तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं. कारण कोरडा प्रकार ओल्या प्रकारात बदलला तर त्यावर इंजेक्शनं असतात, पण ती वेळेत मिळावी लागतात. एवढं सांगून मी डोळ्याचा भाग सोडतो, कारण तो माझा प्रांत नाही.

आता माझा प्रांत. मी मोठ्या ऐटीत अप्पा बळवंत चौकात गेलो. इंग्रजीत मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचा वेगळा प्रकारच असतो, त्यात साधारण सोळा ते अठरा पॉइंटचं अक्षर वापरतात. मराठीत कथा-कादंबऱ्यांचं तसं वेगळं कपाट मला कुठल्या दुकानात दिसलं नाही. "मोठा टाइप" म्हटलं की दुकानदार दोनच गोष्टी पुढे करतो, लहान मुलांची पुस्तकं नाहीतर पोथ्या. मी दोन्ही घेतली आणि दोन्हींत फसलो.

लहान मुलांची पुस्तकं आईने दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाळ, मला डोळ्यांनी कमी दिसतंय. अक्कल कमी झालेली नाही." ती पुस्तकं डोळ्यांच्या दृष्टीनेही चुकीचीच होती, हे मला नंतर कळलं. अक्षर मोठं होतं, पण ते चित्रावर छापलेलं, कुठे निळ्यावर पांढरं, कुठे पिवळ्यावर केशरी, आणि कागद चकचकीत. दिवा लावला की पानावर दिव्याचंच प्रतिबिंब. अशा डोळ्याला अक्षराच्या उंचीइतकीच काळ्या-पांढऱ्याची ठसठशीत फारकत लागते.

दुसरी खरेदी म्हणजे मोठ्या टाइपातली ज्ञानेश्वरी. अक्षर सुरेख होतं. पण घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर दोन किलोच्या वर भरली. आईच्या मनगटात संधिवात. मांडीवर घेतली की पाय अवघडायचा, टेबलावर ठेवली की मान खाली घालून पाठ दुखायची. दहा मिनिटांत ती पुस्तक मिटायची. आम्हाला वाटायचं डोळे दमले, पण दमलेले असायचे हात आणि मान.

तिथे मला आमच्या धंद्यातलं एक साधं गणित आठवलं, आणि आजच्या भाषणातून तुम्ही एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ती हीच न्या. अक्षर मोठं करणं आणि पुस्तक हलकं ठेवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत. अक्षर उंचीला वाढतं तसं रुंदीलाही वाढतं. ते १.४ पट केलं की त्याच मजकुराला १.४ गुणिले १.४, म्हणजे जवळजवळ दुप्पट कागद लागतो. अक्षर दुप्पट केलं तर चौपट. म्हणून "मोठ्या अक्षरातली पण हलकी कादंबरी द्या" असं दुकानदाराला म्हणणं म्हणजे "मोठा पण जड नसलेला दगड द्या" म्हणण्यासारखं आहे. एका पुस्तकात ते जमत नाही. मजकूर तरी कमी हवा, नाहीतर पुस्तकाचे भाग तरी पाडायला हवेत.

आपल्या जुन्या लोकांना हे कळलेलं होतं. पोथी आठवा. आडवी, सुट्या पानांची, ठळक अक्षराची. सबंध पोथी जड असली तरी वाचणाऱ्याच्या हातात एका वेळी एकच पान असतं. बाकीची पानं व्यासपीठावर, वाचलेलं पान उलटून पलीकडे. मंद उजेडात, म्हाताऱ्या डोळ्यांनी वाचायचं असेल तर पुस्तक असंच करायला हवं. मी छापखान्यात इतकी वर्षं काढली, पण पोथी सुट्या पानांची असण्याचा एवढा उपयोग आहे हे आईमुळे माझ्या लक्षात आलं.

तर मग आम्ही पद्धतशीर लागलो. पहिलं काम, आईला नेमकं किती मोठं अक्षर लागतं ते ठरवणं. अंदाजाने नाही. नातवाने कॉम्प्युटरवर तिच्या आवडीच्या लेखकाचा एकच उतारा Mukta या फुकट मिळणाऱ्या फॉन्टमध्ये १४, १६, १८, २० आणि २४ पॉइंटमध्ये छापून आणला. हा फॉन्ट मुद्दाम निवडला, कारण त्याच्या रेघा सगळीकडे जवळपास सारख्या जाडीच्या आहेत. काही फॉन्टांत उभी रेघ जाड आणि आडवी रेघ केसासारखी असते, अशा अक्षरात आधी शिरोरेषा नाहीशी होते आणि मग अक्षरं सुटी-सुटी तरंगायला लागतात.

उतारा मोठ्याने वाचायला लावला. एक ओळ नव्हे, सबंध पान. कारण एक ओळ माणूस जिद्दीने वाचतो, आणि आई तर जास्तच. १४ पॉइंटमध्ये तिने पहिल्या चार ओळी वाचल्या, पण मी मूळ मजकूर हातात धरून ऐकत होतो. "मंद" चं "मद" झालं, "कार्य" चं "काय" झालं. मराठीत अक्षराचा गाभा दिसला तरी पुरत नाही. डोक्यावरचा अनुस्वार आणि रफार हे सगळ्यांत आधी गळतात, आणि माणूस अर्थ लावून ते भरून काढत राहतो. वाचणारा असा मध्येच अडखळून मागे जातोय, वाक्य दुसऱ्यांदा वाचतोय, असं दिसलं की समजा अक्षर अपुरं आहे. १६ ला अनुस्वार दिसायला लागले, पण अर्ध्या पानावर तिने चष्मा काढून डोळे चोळले. १८ ला ती पान संपवून पुढचं पान मागू लागली. २० ला फार फरक नव्हता. २४ ला उलट वेग कमी झाला, कारण ओळीत चार-पाचच शब्द मावत होते आणि दर वेळी पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागत होती. म्हणजे जितकं मोठं तितकं चांगलं, हे खरं नाही. जेमतेम वाचता येतं त्याच्या एक-दोन पायऱ्या वरचं अक्षर घ्यावं आणि तिथे थांबावं.

इथे एक सावधगिरी सांगतो. सी विंगमधल्या एका काकांना काचबिंदू आहे. त्यांचं उलटं आहे, मधलं दिसतं आणि कडेचं जातं. आमचं बघून त्यांच्या मुलीने २४ पॉइंटचे कागद काढून आणले आणि काका आणखीनच वैतागले. नळीतून बघितल्यासारखी नजर असेल तर मोठं अक्षर म्हणजे एका नजरेत कमी अक्षरं. त्यांना १६ पॉइंटचं ठळक अक्षर आणि पेपरातल्यासारखा अरुंद कॉलम सोयीचा पडला. म्हणून शेजारच्याचा आकडा आपल्या घरी चालवू नका.

दुकानात पुस्तकावर पॉइंट लिहिलेला नसतो, आणि वेगवेगळ्या फॉन्टांचा १८ पॉइंट सारखा दिसतही नाही. तिथे मी सहा इंची पट्टी नेतो आणि दहा ओळींची उंची मोजतो. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून अकराव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत. साधारण मराठी कादंबरीत हे अंतर साडेपाच-सहा सेंटिमीटर भरतं. आईला ते आठच्या पुढे लागतं. या एका मापात अक्षर आणि ओळींमधली जागा दोन्ही येतात, आणि मराठीत ती जागा फार महत्त्वाची. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसली की अधू डोळ्याला तो नुसता काळा गुंता दिसतो. हे मी कबूल करतो, आम्हीच हा गुंता करत होतो. अठरा फॉर्मांचं पुस्तक सोळा फॉर्मांत बसवा म्हटलं की आम्ही पहिला हात ओळींमधल्या जागेला घालायचो. एक फॉर्म म्हणजे सोळा पानं, दोन फॉर्म वाचले की प्रकाशक खूश. त्या वाचवलेल्या पानांची किंमत कोण देतं ते आता घरी बघतोय.

दुसरं माप वजनाचं. आईच्या हातात आम्ही वेगवेगळी पुस्तकं देऊन पाहिली. दीडशे ग्रॅमपर्यंतचं पुस्तक ती अर्धा तास एका हातात धरू शकते. अडीचशेचं दोन्ही हातांनी, पंधरा-वीस मिनिटं. साडेतीनशेच्या वरचं पुस्तक टेबलावरच. पुस्तक उचलून बघून मात्र फसू नका, दुकानात एक मिनिट उचललेलं सगळंच हलकं वाटतं. आणि जाडीवरूनही ठरवू नका. काही कागद फुगीर असतो, त्याला आमच्याकडे बल्की म्हणतात. त्याचं पुस्तक जाडजूड दिसतं पण हाताला हलकं लागतं. उलट आर्ट पेपरचं पुस्तक पातळ दिसतं आणि वीट उचलल्यासारखं वाटतं. आपले दिवाळी अंक हातात जड का लागतात, तर आतल्या चकचकीत जाहिरातींच्या पानांमुळे.

तिसरी गोष्ट मोजायची नाही, करून बघायची. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. मिटलं तर ते परत ठेवा. नुसत्या डिंकाने पाठ चिकटवलेलं पुस्तक सतत मिटायला बघतं, ते उघडं ठेवायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागतो, आणि आतल्या बाजूचे शब्द घडीत वाकतात. अधू डोळ्याला वाकलेली ओळ वाचता येत नाही. दोऱ्याने शिवलेलं किंवा मधोमध पिना मारलेलं पुस्तक शांत पडून राहतं.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारं पुस्तक बाजारात मिळतं का? मिळतं, पण आपण शोधतो त्या कपाटात नाही. आम्हाला ते कवितासंग्रहांत सापडलं. कवितेची ओळ आखूड, कडेने भरपूर पांढरी जागा, ओळीची सुरुवात शोधायला लागत नाही, आणि शंभरेक पानांचं पुस्तक सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. सगळ्याच संग्रहांचं अक्षर मोठं नसतं, पट्टी लावावीच लागते, पण आमच्या पट्टीत कवितेची पुस्तकं कादंबऱ्यांपेक्षा खूप जास्त वेळा बसली. दुसरी नाटकाची पुस्तकं, पातळ आणि लहान लहान संवादांची. आई बहिणाबाईंची गाणी वाचते तेव्हा तिला बराचसा मजकूर पाठच असतो, आणि त्याचाही उपयोग होतो. ओळखीच्या मजकुरात डोळ्याला अर्धाच शब्द दिसला तरी पुरतो. म्हणून सुरुवात आधी वाचलेल्या, आवडलेल्या पुस्तकापासून करावी. नवीन पुस्तक नंतर.

पण आईला हवं होतं एकच पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. आमच्या घरी त्याची जुनी प्रत आहे, माझ्या वडिलांनी लग्नानंतर तिला आणून दिलेली. चारशे पानं, डेमी आकार, पुठ्ठा बांधणी, वजन साडेपाचशे ग्रॅम. अक्षर तेरा पॉइंटच्या आसपास. म्हणजे तिन्ही कसोट्यांत नापास.

तेरा पॉइंटचं अठरा करायचं म्हणजे १.४ पट. डेमीचं पान १.४ पट केलं, कडेची कोरी जागा थोडी कापली, की ते ए-फोर कागदावर बरोबर बसतं. झेरॉक्स मशीनवर १४० टक्के लावायचे, एवढंच. पण पुस्तक काचेवर पालथं दाबलं की घडीजवळ काळी सावली येते आणि तिथले शब्द वाकतात. चांगली प्रत काढायची तर पुस्तक उसवायला हवं. मला ते येतं, पण वडिलांनी दिलेलं पुस्तक मी कसं उसवणार? दोन दिवस मी ते नुसतं टेबलावर ठेवलं होतं. शेवटी आईच म्हणाली, "उसव रे. कपाटात बंद राहून ते तरी काय करणार आहे?"

पाठ ओली करून डिंक सोडवला, दोरे कापले, पंचवीस फॉर्म सुटे केले. कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्सला नेले. पहिल्या दहा पानांत दोन चुका झाल्या. शाई फिकी ठेवली तर अनुस्वार उडाले. मग त्याने एकदम गडद केली, तर "ध" आणि "घ" ची पोटं भरून गेली. नेहमीपेक्षा एकच पायरी गडद ठेवल्यावर जमलं. प्रत्येक वेळी सबंध पान न बघता अनुस्वार बघायचा आणि अक्षराचं पोट बघायचं, ही खूण लक्षात ठेवा.

आता वजन. चारशे पानं पाठपोट काढली की दोनशे कागद. नेहमीचा ऐंशी जीएसएमचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. म्हणजे एक किलो. बघा, गणित सोडत नाही! म्हणून त्याचे दहा भाग केले. प्रत्येकात वीस कागद, मूळची चाळीस पानं. कव्हर आणि तारेची स्पायरल धरून प्रत्येक भाग सव्वाशे ग्रॅमच्या आत. स्पायरलचा फायदा असा की वाचलेलं पान मागे पूर्ण दुमडता येतं, हातात एकच पान राहतं. म्हणजे आमची पोथीच झाली. प्रत्येक भागाच्या कव्हरवर मार्करने हातभर मोठा आकडा टाकला, नाहीतर आई सातव्यानंतर चौथा उचलायची.

मी हे सगळं मोठ्या शोधाच्या थाटात आईला सांगत होतो तेव्हा तिने मला सांगितलं की स्मृतिचित्रे पहिल्यांदा आलं तेव्हाही ते चार भागांतच आलं होतं. नंतर मी पाहिलं, खरंच १९३४ पासून पुढे ते भागाभागांनी निघालं होतं. तेव्हा मोठं पुस्तक भागाभागांनी वाचण्यात कमीपणा काही नाही.

कायद्याचं कोणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. छापील अक्षर नेहमीसारखं वाचता न येणाऱ्या माणसाच्या वैयक्तिक वापरासाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिलेली आहे. विकायला मात्र नाही. पुस्तक रीतसर विकत घ्या आणि मग घरच्या माणसासाठी मोठं करा. ज्या लेखकांना जाऊन साठ वर्षं होऊन गेली त्यांच्या हयातीत आलेल्या पुस्तकांचा तर हक्कच संपलेला असतो. साने गुरुजी १९५० साली गेले. अशी हक्कमुक्त पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मिळतात. तिथला टाइप केलेला मजकूर घेतला तर झेरॉक्सचीही गरज नाही, हव्या त्या पॉइंटमध्ये थेट छापता येतो.

तरुण मंडळी मघापासून मनात म्हणत असतील, एवढं करण्यापेक्षा आजींना टॅब द्या. दिला होता. ज्यांना जमतो त्यांनी जरूर वापरावा. आईचं बोट थरथरतं, ते लागलं की पान कुठच्या कुठे जायचं आणि तिला वाटायचं आपण काहीतरी बिघडवलं. शिवाय पुष्कळ जुनी मराठी पुस्तकं तिथे नुसती फोटो म्हणून असतात. त्यांचं अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवावं लागतं.

उजेडाबद्दल दोन वाक्यं. खोलीतला दिवा मोठा करण्यापेक्षा दिवा पुस्तकाजवळ आणा. चार फुटांवरचा टेबललॅम्प दोन फुटांवर आणला की पानावर साधारण चौपट उजेड पडतो, वीजबिल तेवढंच. दिवा खांद्यामागून, बाजूने यावा, म्हणजे डोळ्यांत जात नाही आणि पानावर हाताची सावली पडत नाही. आणि पुस्तक टेबलावर सपाट न ठेवता उतरतं ठेवा. पोथीचं घडीचं लाकडी व्यासपीठ माळ्यावर पडलेलं असेल तर खाली काढा. आमचं काढलं, आणि मानेची तक्रार त्या आठवड्यात थांबली.

आईने पहिला भाग संपवायला अकरा दिवस घेतले. पूर्वी तिने तेवढी पानं एका दुपारी वाचली असती. वाचण्याचा वेग परत आला नाही, येणारही नाही. सलग अर्ध्या तासानंतर ती थांबते. पुढे आजार वाढला तर अठराही पुरणार नाही, आणि मग कोणीतरी वाचून दाखवावं लागेल. हे आम्हाला माहीत आहे, तिलाही. पण आता ती दिसत असल्याचं सोंग करत नाही. परवा पेपर हातात घेऊन सरळ म्हणाली, "हे मला दिसत नाही, मथळे वाचून दाखव, मग माझं पुस्तक दे." माझ्यासाठी सगळ्यांत मोठा फरक हा आहे.

तो उसवलेला मूळ ग्रंथ मी पुन्हा शिवून, नवी पाठ लावून कपाटात ठेवला आहे. पहिल्या पानावर वडिलांची सही आहे, निळ्या शाईची, आता फिकी झालेली. आईने तेही पान मोठं करून मागितलं. पहिल्या भागाच्या सुरुवातीला ते लावलेलं आहे.

शेवटी दोन विनंत्या. आपल्या क्लबहाउसमध्ये पुस्तकांचं कपाट आहे. त्यातल्या पुस्तकांवर मी आणि माझा नातू मिळून चिठ्ठ्या लावायला तयार आहोत. प्रत्येकीवर दोनच आकडे, दहा ओळींची उंची आणि वजन. ज्याला आपला आकडा माहीत आहे त्याला पुस्तक हुडकायला वेळ लागणार नाही. स्वयंपाकघरातला काटा मी आणतो, दोन-तीन रविवार कोणी मदतीला आलं तर काम होईल.

दुसरी विनंती स्मरणिका समितीला. रौप्यमहोत्सव आहे, स्मरणिका देखणी व्हावी हे मान्य. फोटो चकचकीत कागदावर छापा, हरकत नाही. पण मजकुराची पानं साध्या कागदावर छापा, ओळींत जागा सोडा आणि लेख रंगीत फुलांवर छापू नका. दोन फॉर्म वाढले तर त्यांचा खर्च मी देईन. या सोसायटीचा पाया खणताना जी माणसं होती ती आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ही स्मरणिका त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे.